दुकानाच्या उधारीच्या वहीत बाकी नेमकी कुठे चुकली ते फोटोवरून कसं शोधायचं

किराणा दुकानाची उधारीची वही, गिऱ्हाईकाचं एक खातं, महिन्याच्या शेवटी दुकानदार म्हणतो बाकी २८१५ आणि गिऱ्हाईक म्हणतं एवढी होऊच शकत नाही. मग कोणीतरी मोबाईलवर त्या पानांचे फोटो काढून घरातल्या नाहीतर ओळखीतल्या हिशोब जमणाऱ्या माणसाला पाठवतं आणि म्हणतं की जरा बघ ना कुठे गडबड आहे ते. हा लेख त्या फोटो आलेल्या माणसासाठी आहे. वही हाताने लिहिलेली, नावे-जमा आणि दर ओळीला पुढे नेलेली बाकी, आणि आपल्याला ती एकच ओळ पकडायचीय जिथे बाकी वाट सोडून गेली.

आधीच एक सांगतो कारण बहुतेक जण इथेच फसतात. शेवटच्या फरकाच्या मागे लागू नका. लोक काय करतात, सगळी बेरीज करतात, समजा ३०० चा फरक येतो, मग वहीत ३०० ची एंट्री शोधत बसतात, आणि ती सापडली की झालं, "हीच दोनदा धरली." पण शेवटचा फरक म्हणजे मधल्या सगळ्या चुकांची गोळाबेरीज असते, एक चूक वर नेते एक खाली आणते, उरतं ते तिसरंच काहीतरी. म्हणून फरक किती आहे यापेक्षा फरक कुठल्या ओळीला बदलला हे बघायचं. खालची सगळी पद्धत तेवढ्यासाठीच आहे.

फोटो नीट असले तरच पुढे

बांधलेल्या वहीत बाकीचा रकाना पानाच्या उजव्या कडेला असतो, आणि डाव्या पानाची उजवी कड म्हणजे वहीची शिवण. पान वाकलेलं असतं तिथे, त्यामुळे बाकीचा शेवटचा आकडा शिवणीत जातो आणि फोटोत २४०० चं २४० दिसतं. तेव्हा डाव्या पानाचा फोटो काढताना वही पूर्ण उघडून हाताने दाबून धरायला सांगा, नाहीतर त्या कडेचा वेगळा जवळून फोटो मागा. फ्लॅश नको, पेन्सिल आणि जेल पेन दोन्ही चमकतात, खिडकीजवळ दिवसा काढलेला साधा फोटो सगळ्यात चांगला येतो. पानाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत, कारण समासात आडवं लिहिलेली "२०० जमा" अशी एंट्री बऱ्याचदा तिथेच असते.

व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि झूम केलं की आकडे फुटतात. स्कॅन करणारी ॲप्स पान काळं-पांढरं करून देतात, दिसायला छान, पण त्यात फिकट पेन्सिल उडून जाते आणि लाल पेनाने लिहिलेली जमा काळी होऊन नावेसारखीच दिसायला लागते, म्हणून मूळ रंगीत फोटोच ठेवा. आणि पानांचा क्रम सुरू करायच्या आधीच लावून घ्या, तारखेवरून आणि "मागील पानावरून" च्या आकड्यावरून, मधलं एखादं पान आलंच नसेल तर ते इथेच कळतं आणि नंतरचे दोन तास वाचतात.

आकडे उतरवताना

एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये हे रकाने करा: A पान, B तारीख, C नावे, D जमा, E वहीत लिहिलेली बाकी. नावे म्हणजे माल नेला, बाकी वाढली. जमा म्हणजे पैसे दिले, बाकी कमी झाली. टाइप करताना आकडे इंग्रजी अंकांत टाका, देवनागरी अंक शीट बऱ्याचदा मजकूर समजते आणि बेरजेत धरत नाही. आकडा सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेला दिसला तर समजायचं की तो मजकूर झालाय.

"मागील पानावरून" या ओळीलासुद्धा स्वतंत्र ओळ द्या, नावे-जमा रिकामं आणि बाकीत तिथे लिहिलेला आकडा. पान उलटताना आकडा चुकीचा उतरणं ही या वह्यांमधली फार नेहमीची चूक आहे, २४०० चं २०४० होतं, आणि ही ओळ वेगळी नसेल तर ती चूक पुढच्या बिचाऱ्या एंट्रीवर ढकलली जाते.

आणि एक शिस्त पाळाच. आधी सगळे नावे-जमा वरून खाली उतरवून घ्या, नंतर परत वर जाऊन फक्त बाकीचा रकाना उतरवा. दोन्ही एकत्र वाचलं की डोळा बाकी बघून रक्कम "बरोबर" वाचतो, म्हणजे जे शोधायचंय तेच आपण नकळत झाकतो. जिथे आकडा नक्की नाही तो सेल पिवळा करा आणि पुढे चला.

वाचनातल्या फसगती ठरलेल्या असतात. देवनागरी १ आणि ९ ही सगळ्यात मोठी जोडी, घाईत लिहिलेल्या ९ ची गाठ राहिली नाही की तो १ दिसतो. त्यात एकाच पानावर देवनागरी आणि इंग्रजी अंक मिसळलेले असतात, सकाळी दुकानदार लिहितो दुपारी त्यांचा मुलगा लिहितो, मग देवनागरी १ इंग्रजी 9 सारखा आणि देवनागरी ५ इंग्रजी 4 सारखा दिसतो. म्हणून आधी ठरवा की ही ओळ कोणाच्या हाताची आहे, मग वाचा. "२५०/-" मधली तिरकी रेघ आकड्याला चिकटली की एक आकडा जास्त वाचला जातो. आणि पातळ कागदावर मागच्या बाजूची शाई उमटते, तिचाही आकडा होतो, पण तो उलटा असतो आणि फिकट, जरा थांबून बघितलं की ओळखू येतो.

तीन सूत्रं

दुसऱ्या ओळीत सुरुवातीची मागील बाकी E2 मध्ये टाका. F2 मध्ये `=E2` आणि G2 मध्ये 0. मग तिसऱ्या ओळीपासून:

```
F3: =F2+C3-D3
G3: =E3-F3
H3: =G3-G2
```

ही तिन्ही सूत्रं शेवटपर्यंत खाली ओढा. F म्हणजे आपण काढलेली बाकी, G म्हणजे वही आणि आपण यांच्यातला फरक, आणि H म्हणजे त्या ओळीला फरक कितीने बदलला. वाचायचं फक्त H. जिथे शून्य आहे ती ओळ स्वच्छ, मग वरून कितीही मोठी चूक चालत आलेली असो. जिथे शून्य नाही, तिथे थांबायचं.

शीट नसेल तर कॅल्क्युलेटरवरही हेच होतं, वहीतली आदल्या ओळीची बाकी घ्या, त्यात नावे मिळवा किंवा जमा वजा करा, आणि वहीतल्याच पुढच्या बाकीशी ताडा. आदली बाकी चुकीची असली तरी चालेल, आपण फक्त ही एक उडी बरोबर पडली का ते बघतोय. फोटो झूम करून एकेक ओळ अशी बघत गेलात तर चाळीसेक ओळींना फार वेळ लागत नाही.

एक खातं घेऊन बघू

समजण्यासाठी आकडे मी बांधलेत, पण अशी खाती खरोखर येतात. एका महिन्याचं खातं, दोन पानं, मागील बाकी १२४०. पहिल्या पानावर ३ तारखेला ३८५ नावे, बाकी १६२५. मग १४०, १७६५. मग ६२०, २३८५. १० तारखेला १००० जमा, १३८५. १२ ला २७५ नावे, १६६०. १५ ला फोटोत ११० दिसतात, बाकी लिहिलीय १८५०. १७ ला ४६५, बाकी २३१५. १९ ला ८५, बाकी २४००, पान संपलं. दुसरं पान असं:

| तारीख | नावे | जमा | लिहिलेली बाकी |
|---|---|---|---|
| मागील पानावरून | | | २४०० |
| २१ | ५३० | | २९३० |
| २२ | ४८० | | ३३१० |
| २४ | | १५०० | १८१० |
| २५ | ३०० | | २११० |
| २७ | | २०० | २३१० |
| २८ | ३४५ | | २६५५ |
| ३० | १६० | | २८१५ |

जसं दिसलं तसं उतरवलं की आपली शेवटची बाकी येते २४३५, वहीत २८१५, फरक ३८०. आता या ३८० कडे बघून काहीही कळणार नाही. H कडे बघा. तीनच ओळींना शून्य नाही: १५ तारखेला +८०, २२ ला −१००, २७ ला +४००. बाकी सगळ्या ओळी स्वच्छ, पान उलटतानाही काही बिघडलं नाही. म्हणजे पंधरा एंट्र्यांचं भांडण तीन ओळींवर आलं.

१५ तारीख. १६६० ची बाकी १८५० झाली, म्हणजे लिहिणाऱ्याने १९० मिळवले. आपण वाचले ११०. फोटो झूम करा, मधल्या अंकाला वर बारीकशी गाठ दिसते, तो ९ आहे. ही वहीची चूक नाहीच, आपल्या वाचनाची आहे. शीटमध्ये ११० च्या जागी १९० टाका, H तिथे शून्य होतो आणि शेवटचा फरक ३८० वरून ३०० वर येतो. बदल ८, ८० किंवा ८०० आला की आधी १-९ चाच संशय घ्यायचा. आणि दुकानदाराला फोन करायच्या आधी घ्यायचा, कारण आपल्या वाचनाची चूक त्यांच्या माथी मारली की पुढची खरी चूकही ते ऐकून घेत नाहीत.

आता उरलेला फरक ३००, आणि २५ तारखेला बरोबर ३०० ची एंट्री बसलीय. सुरुवातीला म्हटलं ते हेच. त्या ओळीचा H शून्य आहे, १८१० अधिक ३०० बरोबर २११०, त्या एंट्रीचा काही दोष नाही.

२२ तारीख. २९३० मध्ये ४८० मिळवले तर ३४१० व्हायला हवेत, लिहिलेत ३३१०. तीस आणि ऐंशी एकशेदहा, हातचा एक, तो हातचा शतकात धरायचा राहिला. १०, १००, १००० असा गोल बदल आला की हातच्याकडे बघायचं. पण लगेच ठरवू नका, कारण दुसरी शक्यता आहे की रक्कम मुळात ३८० होती आणि कोणीतरी ४८० लिहिली. एंट्रीच्या बाजूला माल लिहिलेला असतो, तो बघा: तूरडाळ २ किलो ३२०, तेल १ लिटर १६०. झाले ४८०. रक्कम बरोबर, बेरीज चुकली. ही चूक गिऱ्हाईकाच्या फायद्याची आहे, तरी ती लिहायचीच.

२७ तारीख. २०० जमा, पण बाकी २११० वरून २३१० झाली, कमी होण्याऐवजी वाढली. बदल ४००, रकमेच्या बरोबर दुप्पट, आणि दुप्पट म्हणजे एंट्रीची बाजू उलटी धरली गेली. याला वहीत सगळ्यात जास्त जपून वागावं लागतं, कारण दोन्ही गोष्टी शक्य आहेत. एक, पैसे खरंच आले आणि बाकी काढताना सवयीने मिळवले. दोन, २०० चा माल गेला होता आणि लिहिताना तो जमेच्या रकान्यात पडला, तसं असेल तर लिहिलेली बाकीच खरी. आकडे दोन्हीत सारखेच दिसतात. नुसत्या आकड्यांच्या बाहेर जावंच लागतं. गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर यूपीआयची हिस्टरी काढायला सांगा, २७ तारखेला २०० गेलेत का. रोख दिले असतील तर त्या ओळीत मालाची नावं आहेत का बघा, माल काहीच नसेल आणि नुसतं "रोख" किंवा कोणाच्या हस्ते आले ते लिहिलं असेल तर ती जमाच. आपल्या खात्यात यूपीआयवर २०० दिसतात असं धरू, म्हणजे जमा पक्की, बाकी चुकली.

आता −१०० आणि +४००, मिळून +३००. खरी बाकी २५१५. पडताळा वेगळ्या वाटेने घ्या: मागील बाकी १२४०, दोन्ही पानांचे नावे मिळून ३९७५, जमा मिळून २७००. १२४० अधिक ३९७५ वजा २७००, २५१५. जुळलं.

बदलाचे आणखी दोन प्रकार

बदल ९ ने भागला जात असेल तर अंकांची अदलाबदल झालेली असू शकते. ४६५ ऐवजी ६४५ धरले तर १८० चा बदल येतो, मघाचं २४०० चं २०४० हे ३६०. शून्य कमी-जास्त झालं, ४५ चे ४५० धरले, तरी ४०५ येतात आणि तेही ९ ने भागले जातात. फक्त हा इशारा आहे, पुरावा नाही, कारण ९ ने भागले जाणारे आकडे असेही खूप असतात. आणि बदल रकमेएवढाच आला तर ती रक्कम बाकीत धरलीच नाही किंवा दोनदा धरली, कुठलं ते बदलाच्या चिन्हावरून कळतं: नावे असताना वजा म्हणजे धरली नाही, अधिक म्हणजे दोनदा. जमेला याच्या उलट.

दुसरा प्रकार म्हणजे एका ओळीला +६०० आणि लगेच पुढच्या ओळीला −६००. यात फरक पुढे चालत जात नाही. एकतर ती बाकी आपण चुकीची वाचली, किंवा दुकानदाराने कॅल्क्युलेटरवर बरोबर काढली पण वहीत उतरवताना चुकला आणि पुढची बेरीज मात्र कॅल्क्युलेटरवरच्या आकड्यावरून केली. खात्याला धक्का लागलेला नाही. टिपून ठेवा आणि पुढे जा.

बाकी दर ओळीला लिहिलेलीच नसेल तर

हे फार ठिकाणी असतं. दुकानदार नुसत्या रकमा लिहीत जातो आणि पैसे आले की किंवा पान संपलं की तेव्हाच टोटल मारतो. मग आपल्याला ओळ नाही, तुकडा सापडतो. शीट तीच, फक्त जिथे बाकी लिहिलेली नाही तिथे E रिकामा राहतो आणि G, H त्या ओळींना काढायचे नाहीत, नाहीतर रिकामा सेल शून्य धरून भलतेच फरक दिसतील. लिहिलेल्या एका बाकीपासून दुसऱ्या बाकीपर्यंत G ताडून बघायचा, कुठल्या तुकड्यात बदलला ते. त्या तुकड्यात मग दहाबारा रकमा असतील, तिथे वरचे इशारे कामाला येतात, दुप्पट, गोल आकडा, ९, रकमेएवढाच. तुकड्यात दोन चुका असतील तर हे इशारे फसतात, तेव्हा दुकानदाराला त्यांच्याच हाताने तो तुकडा परत एकदा मोठ्याने वाचत बेरीज करायला सांगणं सगळ्यात लवकर होतं, त्यांचा आकडा पुन्हा त्याच जागी अडखळतो.

आणि या सगळ्या पद्धतीला काय दिसत नाही तेही माहीत हवं. शेजारच्या खात्यातली एंट्री या पानावर लिहिली गेली असेल आणि बेरीज बरोबर असेल तर H शून्यच राहणार. दिलेले पैसे वहीत चढलेच नाहीत, तरी शून्य. एंट्रीच्या आत मालाची टोटल चुकली, साखर-चहा-साबण मिळून २९५ आणि लिहिले ३४५, तरी शून्य. म्हणून H साफ झाल्यावर दोन कामं उरतात: प्रत्येक एंट्रीतल्या मालाची बेरीज, आणि जमेचा रकाना यूपीआयच्या हिस्टरीशी तारखेने ताडून बघणं. मोबाईलवर आहे आणि वहीत नाही अशी एखादी जमा निघालीच तर आधी दुकानदाराला आसपासच्या नावांची खाती बघायला सांगा, सारख्या आडनावाच्या पानावर ती पडलेली असते.

दुकानात सांगायचं कसं आणि वहीत लिहायचं काय

काउंटरवर गर्दी असताना विषय काढू नका, दुपारी निवांत वेळी जा. "काका, तुमची २२ तारखेची आणि २७ तारखेची ओळ एकदा बघता का" एवढंच म्हणा, आणि गिऱ्हाईकाच्या फायद्याची चूक आधी दाखवा, २२ ची, मग २७ ची. त्यांनी स्वतः बेरीज करून बघितली की वाद राहत नाही.

जुन्या ओळींवर खाडाखोड करायची नाही, बाक्या गिरवून दुरुस्त करायच्या नाहीत, कारण पुढच्या वेळी कोणाला काय बदललं ते कळणार नाही आणि तुमच्याकडचे फोटोही वहीशी जुळायचे बंद होतात. शेवटच्या ओळीखाली आजच्या तारखेने नवीन ओळ टाकायची: "बाकी दुरुस्ती. ता. २२ ला १०० कमी धरले, ता. २७ ची २०० जमा नावे धरली गेली त्यामुळे ४०० जास्त. वजा ३००." बाकी २५१५. खाली दोघांची सही, आणि त्या ओळीचा एक फोटो दोघांच्याही मोबाईलमध्ये.